विश्लेषण : तासाचे शब्दांकन म्हणजे नोट्स नव्हेत! बोललेल्या तासातून शीर्षकांसह स्वच्छ टिपणे कशी तयार होतात?

तास रेकॉर्ड करणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाइल टेबलावर ठेवला की पन्नास मिनिटांचा आवाज साठतो आणि तो ऐकून शब्दन् शब्द उतरवून काढता येतो किंवा फोनमधील सुविधेकडून लिहून घेता येतो. मात्र हाती येणारा मजकूर वाचवत नाही. पाच-सहा हजार शब्द, परिच्छेद नाहीत, मध्येच ‘मागे कोण बोलतंय’ आणि सगळीकडे ‘हे इथे, ते तिथे’. बहुतेक जण हा मजकूर थोडा झाडून-पुसून, विरामचिन्हे घालून गटावर टाकतात. तेथूनच चुकांची सुरुवात होते. कारण अशा नोट्सवर सरांचे किंवा मॅडमचे नाव असते, त्या वर्गातील साठ जण वाचतात आणि एका गळलेल्या ‘नाही’ची शिक्षा साठ उत्तरपत्रिकांना मिळते. शब्दांकनापासून नोट्सपर्यंतची वाट नेमकी कशी असते, ती कुठे घसरते आणि ते कसे ओळखायचे, याचा हा आढावा.

शब्दांकन आणि नोट्स यांत मूळ फरक काय?

बोलणे वेळेच्या क्रमाने चालते, तर नोट्स विषयाच्या क्रमाने लागतात. वर्गात शिक्षक एक मुद्दा सुरू करतात, कोणी तरी प्रश्न विचारतो, मुद्दा अर्धा राहतो, दहा मिनिटांनी परत येतो, शेवटी पुन्हा एकदा उजळणी होते. ऐकणाऱ्याला हे सोयीचे असते, कारण तीच गोष्ट तीनदा कानावर पडल्याने ती पक्की होते. वाचणाऱ्याला मात्र तीच गोष्ट तीन ठिकाणी, तीन वेगळ्या शब्दांत दिसली की प्रश्न पडतो : यातले खरे कोणते?

दुसरा फरक अधिक गंभीर आहे. तासाचा निम्मा भाग आवाजात नसतोच. तो फळ्यावर असतो, हातातील वस्तूत असतो, बोट दाखवण्यात असतो. ‘हिला या रेषेच्या वर न्यायचं’ हे वाक्य वर्गात पूर्ण असते, कागदावर ते अर्धे उरते. म्हणून नोट्स तयार करणे हे फक्त भाषा सुधारण्याचे काम नाही. हरवलेला अर्धा भाग परत मिळवून तो योग्य जागी बसवणे, हे त्यातले मोठे काम आहे.

हे काम खरेच इतके वेळखाऊ असते का?

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेचे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते १९६३ या काळात तेथील पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवले. त्या तासांचे ध्वनिमुद्रण झाले, फळ्याची छायाचित्रे काढली गेली आणि शब्दांकनावरून रॉबर्ट लेटन व मॅथ्यू सँड्स या सहकाऱ्यांनी त्याचे ग्रंथ सिद्ध केले. हे किरकोळ संपादन असेल, एखादा पदव्युत्तर विद्यार्थी ते उरकेल, असा सुरुवातीचा अंदाज होता. तो साफ चुकला. एकेका तासासाठी जाणकार भौतिकशास्त्रज्ञाला दहा ते वीस तास द्यावे लागले, असे लेटन यांनीच पहिल्या खंडाच्या प्रास्ताविकात नमूद केले आहे.

एवढे करूनही चूक राहिलीच. दुसऱ्या खंडात, बंद वाहकाच्या आतील स्थिर विद्युतभार बाहेर क्षेत्र निर्माण करू शकत नाहीत, अशा आशयाचे विधान होते. ते खरे ठरते ते वाहक जमिनीला जोडलेला म्हणजे ‘अर्थिंग’ केलेला असेल तरच. तो एक शब्द नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयात एका विद्यार्थिनीने या विधानावर विसंबून परीक्षेत उत्तर लिहिले, तिचे गुण गेले आणि तिने थेट फाइनमन यांना पत्र लिहिले. चूक आपली आहे हे त्यांनी उत्तरात मान्य केले, पण तुमच्या शिक्षकांनी गुण दिले नाहीत हे योग्यच केले, असेही कळवले. पुढील आवृत्तीत तो शब्द घातला गेला. महाविद्यालयीन नोट्सकडून कोणी ग्रंथाची अपेक्षा करत नाही आणि त्यांना वीस तासही लागत नाहीत. पण अट सांगणारा एक शब्द गेला की विधानच खोटे होते, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

उदाहरणादाखल एक तास घेतला तर?

मेकॅनिकल पदविकेच्या वर्गातील पोलादाच्या उष्णता-प्रक्रियांचा, म्हणजे हीट ट्रीटमेंटचा, तास घेऊ. ॲनिलिंग, नॉर्मलायझिंग, हार्डनिंग आणि टेम्परिंग या चार प्रक्रिया त्यात येतात. अशा तासाचे शब्दांकन साधारण असे दिसते :

> ‘हं, तर काल कुठे होतो आपण, ठीक आहे, तर ही छिन्नी. छिन्नी का, तर तुम्ही वर्कशॉपमध्ये वापरलेली आहे. आता ही पॉइंट आठ कार्बनची. हिला इथपर्यंत न्यायचं, या रेषेच्या वर, सातशे तेवीस, नाही, सत्तावीस, म्हणजे आपण किती ठेवू, पावणेआठशे ठेवू. आणि मग एकदम पाण्यात. काय झालं, कडक झाली. पण पडली तर तुटणार, काचेसारखी. मागे कोण बोलतंय. तर म्हणून लगेच दुसरं काम, परत तापवायची, पण या रेषेच्या वर जायचं नाही, वर गेलात तर केलेलं सगळं पाण्यात. जांभळा रंग आला की बास, दोनशे ऐंशीच्या आसपास.’

जेमतेम ऐंशी शब्दांच्या या तुकड्यात नोट्स करणाऱ्यासाठी पाच खड्डे आहेत. ‘पॉइंट आठ’ म्हणजे ०.८ टक्के कार्बन. ‘पॉइंट’ हा शब्द ऐकू आला नाही तर कागदावर ८ टक्के उमटते आणि इतका कार्बन कोणत्याच पोलादात नसतो, कारण साधारण दोन टक्क्यांच्या पुढे त्या धातूला पोलाद म्हणतच नाहीत. ‘सातशे तेवीस, नाही, सत्तावीस’ ही शिक्षकांनी स्वतःच केलेली दुरुस्ती आहे. त्यामुळे नोट्समध्ये फक्त ७२७ अंश सेल्सिअस यायला हवे. दोन्ही आकडे ठेवले की वाचणारा ती मर्यादा समजतो : ७२३ ते ७२७. ‘या रेषेच्या’ म्हणजे फळ्यावरील आकृतीतील कोणती रेषा, हे आवाजातून कळत नाही. ‘वर जायचं नाही’ यातला ‘नाही’ गेला तर टेम्परिंगचा अर्थ उलटा होतो.

पाचवा खड्डा मराठीचा स्वतःचा आहे. ‘केलेलं सगळं पाण्यात’ या वाक्यातील पाणी हे पाणी नाही. मेहनत वाया जाईल, एवढाच त्याचा अर्थ. पण काही वाक्ये आधीच छिन्नी खरोखर पाण्यात गेलेली आहे. विषय न समजता भाषा सुधारणारा येथे हमखास लिहितो : ‘टेम्परिंगनंतर पुन्हा पाण्यात बुडवावे.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, पण शिक्षकांनी ते उच्चारलेलेही नसते.

मग सुरुवात कुठून करायची?

वाक्ये सुधारण्यापासून नक्कीच नाही. पहिले काम म्हणजे मूळ शब्दांकनाची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवणे आणि दुसऱ्या प्रतीत दर दोन-तीन मिनिटांवर वेळ टाकणे. पुढे शंका आली की पन्नास मिनिटे परत ऐकावी लागत नाहीत, नेमके ते अर्धे मिनिट ऐकता येते.

दुसरे काम समासात खुणा करण्याचे. प्रत्येक तुकड्यासमोर तो काय आहे ते एका शब्दात लिहायचे : व्याख्या, कारण, कृती, उदाहरण, प्रश्न, उजळणी, सूचना, विषयांतर. या टप्प्यावर काहीही खोडायचे नसते. वरील तासाचा नकाशा मग साधारण असा निघतो. पहिली सहा मिनिटे कालची उजळणी. सहा ते अठरा मिनिटे छिन्नीचे हार्डनिंग. अठराव्या मिनिटाला एका विद्यार्थ्याचा प्रश्न, ‘सर, पाण्याऐवजी तसंच ठेवलं तर?’ त्या प्रश्नाच्या उत्तरात ॲनिलिंग आणि नॉर्मलायझिंग, तिसाव्या मिनिटापर्यंत. मग तीन मिनिटे जर्नल जमा करण्याच्या सूचना. तेहतीस ते चव्वेचाळीस टेम्परिंग. उरलेला वेळ उजळणी आणि परीक्षेबद्दलचे बोलणे.

हा नकाशा समोर आला की एक गोष्ट उघड होते. तासाचा क्रम हार्डनिंग, ॲनिलिंग, नॉर्मलायझिंग, टेम्परिंग असा होता, पण तो एका प्रश्नामुळे तसा पडला. विषयाचा धागा वेगळा आहे. पहिल्या तीन प्रक्रियांत पोलाद त्या रेषेच्या वर तापवतात आणि फरक पडतो तो थंड करण्याच्या वेगाने. भट्टीतच सावकाश थंड होऊ दिले तर ॲनिलिंग, बाहेर काढून स्थिर हवेत ठेवले तर नॉर्मलायझिंग, पाण्यात एकदम बुडवले तर हार्डनिंग. टेम्परिंग ही हार्डनिंगनंतरच करायची चौथी पायरी. नोट्सचा क्रम मग आपोआप ठरतो : वेग वाढत जातो तसे मुद्दे लावायचे आणि टेम्परिंग शेवटी ठेवायचे.

क्रम बदलण्याला एक मर्यादा मात्र आहे. शिक्षकांनी एखादी गोष्ट आधी सांगितली ती पुढच्या गोष्टीचे कारण म्हणून, असे असेल तर तो क्रम मोडू नये. हार्डनिंगने ठिसूळपणा येतो आणि म्हणून टेम्परिंग करावे लागते, ही जोडी नोट्समध्येही जोडीनेच राहायला हवी.

शीर्षके कशी द्यायची?

नोट्समधील सर्वांत निरुपयोगी शीर्षके सर्वांच्या ओळखीची आहेत : ‘प्रस्तावना’, ‘महत्त्वाचे मुद्दे’, ‘इतर माहिती’. ही कोणत्याही विषयाच्या कोणत्याही नोट्सवर बसतात, म्हणजेच ती खाली काय आहे ते सांगत नाहीत. ‘हार्डनिंग’ एवढेच शीर्षक त्यापेक्षा बरे, पण तेही फक्त नाव आहे. ‘हार्डनिंग : पाण्यात एकदम थंड केल्याने पोलाद कडक आणि ठिसूळ होते’ हे शीर्षक वाचूनच निम्मा मुद्दा कळतो.

तपासण्याची एक सोपी रीत आहे. सगळा मजकूर झाकून फक्त शीर्षके वरून खाली वाचायची. तास एका मिनिटात सांगितल्यासारखे वाटले तर शीर्षके जमली. या तासाची शीर्षके अशी होऊ शकतात :

१. ७२७ अंशांची रेषा : तिच्या वर पोलादाची अंतर्रचना बदलते
२. ॲनिलिंग : भट्टीतच सावकाश थंड, पोलाद मऊ
३. नॉर्मलायझिंग : हवेत थंड, ॲनिलिंगपेक्षा थोडे कडक
४. हार्डनिंग : पाण्यात एकदम थंड, फार कडक पण ठिसूळ
५. टेम्परिंग : रेषेच्या खालीच पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणे
६. चारही प्रक्रियांचा तक्ता

पन्नास मिनिटांच्या तासाला पाच ते सात मुख्य शीर्षके पुरतात. त्याखाली फार तर एक पोटपातळी. ४.२.१.३ असे आकडे दिसू लागले की समजावे, टिपणाऐवजी शासन निर्णय तयार होतो आहे. वर्डमध्ये काम करणाऱ्यांनी शीर्षक नुसते ठळक करून मोठे करू नये. त्याला Heading 1 किंवा Heading 2 ही शैली द्यावी. मग डाव्या बाजूला शीर्षकांची यादी दिसते, ओढून क्रम बदलता येतो आणि अनुक्रमणिका एका क्लिकवर तयार होते. झाकून वाचण्याची वरील चाचणीही त्या यादीतच घेता येते.

वाक्ये किती बदलायची?

एकाच गोष्टीबद्दल तीन ठिकाणी बोललेले एका शीर्षकाखाली गोळा केल्यावर त्यातले सर्वांत स्पष्ट विधान निवडायचे आणि बाकीच्या दोघांत काही नवीन आहे का ते पाहायचे. अट, अपवाद आणि कारण हे तीन प्रकारचे शब्द कधीच गाळायचे नाहीत : ‘फक्त’, ‘तरच’, ‘नाही’, ‘सोडून’, ‘म्हणून’, ‘साधारण’. बोलण्यात ते पटकन निघून जातात, पण विधानाचा सगळा भार त्यांच्यावर असतो. ‘साधारण २८०’ आणि ‘२८०’ यांतही फरक आहे.

वर दिलेल्या तुकड्यातील टेम्परिंगचा भाग नोट्समध्ये असा येईल :

> ‘हार्डनिंगनंतर पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, आपटले तर तुटते. म्हणून हार्डनिंगनंतर लगेच टेम्परिंग करतात. यात पोलाद पुन्हा तापवतात, मात्र तापमान ७२७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत. वर गेल्यास हार्डनिंगचा परिणाम नाहीसा होतो. छिन्नीसाठी तापमान साधारण २८० अंश सेल्सिअस ठेवतात. पृष्ठभागावर जांभळा रंग येणे ही त्याची खूण.’

यात काचेची उपमा ठेवली आहे, कारण ती कारण समजावते. जांभळा रंग ठेवला आहे, कारण वर्कशॉपमध्ये तापमापकापेक्षा तोच उपयोगी पडतो. ‘मागे कोण बोलतंय’ गेले. ‘केलेलं सगळं पाण्यात’ याचा अर्थ उघड करून लिहिला. छिन्नी हे उदाहरण सगळीकडे कायम ठेवले, कारण विद्यार्थ्यांना तास आठवतो तो त्या छिन्नीवरून.

परिभाषेबाबत एकच नियम पुरतो. शिक्षक आणि प्रश्नपत्रिका जो शब्द वापरतात तोच ठेवावा आणि शेवटपर्यंत तोच वापरावा. तासात ‘क्वेन्चिंग’, ‘पाण्यात टाकणे’, ‘थंड मारणे’ असे तीन शब्द आले असतील तर नोट्समध्ये एकच हवा. नाही तर वाचणाऱ्याला त्या तीन वेगळ्या क्रिया वाटतात. हौसेने कोशातला शब्द आणून ‘कठिणीकरण’ लिहिले आणि परीक्षेत ‘हार्डनिंग’ आले, तर नोट्सचा उपयोग तेवढाच कमी होतो.

आकडे सर्वाधिक का चुकतात?

मराठीत बोललेला आकडा कागदावर उतरवणे हे वेगळे कौशल्य आहे. ‘सव्वासातशे’ म्हणजे ७२५, ‘साडेसातशे’ म्हणजे ७५०, ‘पावणेआठशे’ म्हणजे ७७५. शेवटच्या शब्दात ‘आठशे’ ऐकू येते, त्यामुळे घाईत ८०० लिहिले जाते किंवा ‘पावणे’ निसटते. ‘सव्वा टक्का’ म्हणजे १.२५ टक्के आणि ‘दीड टक्का’ म्हणजे १.५. शिवाय सत्तावीस आणि सदतीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर अशा जोड्या पंख्याच्या आवाजात सारख्याच ऐकू येतात. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच वाक्यात मिसळले की गोंधळ वाढतो.

म्हणून सगळे आकडे एकदा स्वतंत्रपणे काढून त्यांची यादी करावी. प्रत्येकासमोर एकक, तासातील वेळ आणि तो फळ्यावर होता का, हे लिहावे. मग तो आकडा विषयात बसतो का ते पाहावे. हार्डनिंगचे तापमान ७२७ च्या खाली निघाले किंवा टेम्परिंगचे वर, तर ऐकण्यात चूक आहे हे पुस्तक न उघडताही कळते.

आकड्यांची दुसरी गाळणी म्हणजे तक्ता. या तासाचा तक्ता असा होतो :

| प्रक्रिया | तापवणे | थंड करणे | परिणाम |
|---|---|---|---|
| ॲनिलिंग | साधारण ७७५ अंश | बंद भट्टीतच, सावकाश | सर्वांत मऊ |
| नॉर्मलायझिंग | (तासात सांगितले नाही) | बाहेर, स्थिर हवेत | ॲनिलिंगपेक्षा थोडे कडक |
| हार्डनिंग | साधारण ७७५ अंश | पाण्यात, एकदम | फार कडक, ठिसूळ |
| टेम्परिंग | ७२७ च्या खाली; छिन्नीला साधारण २८० अंश | (शिक्षकांना विचारणे) | ठिसूळपणा कमी |

तक्त्याचा खरा फायदा रिकाम्या घरांत आहे. सलग मजकुरात न सांगितलेली गोष्ट दिसत नाही, तक्त्यात ती लगेच डोळ्यात भरते. ते घर पुस्तकात पाहून गुपचूप भरून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. नोट्स ज्या तासाच्या आहेत त्यात ती माहिती नव्हती आणि पुस्तकातील आकडा वेगळ्या प्रकारच्या पोलादाचा असू शकतो. भरायचेच असेल तर ‘पुस्तकातून’ असे तेथेच लिहावे, म्हणजे शिक्षकांचे बोलणे कोणते आणि जोड कोणती हे वेगळे राहते.

शेवटचा हात कोणाचा?

शिक्षकांचाच. पण त्यांच्याकडे सहा पाने देऊन ‘सर, एकदा बघता का’ असे म्हटले तर ती पाने तशीच पडून राहतात. त्याऐवजी शंकांची वेगळी यादी द्यावी, एकेका ओळीत उत्तर देता येईल अशी. ‘मिनिट २४ : नॉर्मलायझिंगसाठी किती तापवायचे?’ ‘मिनिट ४१ : टेम्परिंगनंतर हवेत थंड करायचे की पाण्यात?’ ‘मिनिट ९ : फळ्यावरील या रेषेचे नाव काय लिहायचे?’ अशा पाच-सात प्रश्नांची उत्तरे शिक्षक स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या देतात. फळ्याचे फोटो नसतील तर हीच यादी लांबते, म्हणून तास संपताना, फळा पुसण्याआधी एक फोटो काढणे हे नंतरच्या तासाभराच्या कामाइतके मोलाचे आहे.

परवानगीचाही प्रश्न आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ‘सादरकर्ता’ या व्याख्येत अभिनेता, गायक, जादूगार आणि गारुडी यांच्या पंक्तीला व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी केलेल्या मुद्रणाला कायदा सवलत देतो, पण त्याच नोट्स झेरॉक्सच्या दुकानात विकायला ठेवणे ही वेगळी गोष्ट ठरते. कायद्याआधी साधा शिष्टाचारही आहे : ज्यांच्या नावाने कागद फिरणार, त्यांना तो आधी दिसलेला असावा. शिक्षकांनी पाहिलेला नसेल तर पहिल्याच ओळीत ‘विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या, न तपासलेल्या नोट्स’ असे लिहावे आणि खाली तारीख टाकावी. चूक सापडली की दुरुस्त प्रत नव्या तारखेने द्यावी, म्हणजे गटावर फिरणाऱ्या दोन प्रतींपैकी नवी कोणती हे कळते.

या नोट्सच्या मर्यादा काय?

सगळेच तास अशा नोट्समध्ये उतरत नाहीत. व्याख्या, कृती आणि तुलना असलेला तास छान उतरतो. गणित सोडवण्याचा तास शब्दांकनातून जवळजवळ येतच नाही, कारण तेथे बोलणे फळ्याची सावली असते. त्यासाठी फळ्याचे फोटो मुख्य आणि शब्द दुय्यम धरावे लागतात. चर्चेचा तास शीर्षकांत कोंबला तर त्यातला वाद नाहीसा होतो आणि अनिर्णित राहिलेला मुद्दा नोट्समध्ये निर्णय म्हणून उमटतो.

कामाचा आकारही लक्षात ठेवायला हवा. वरील तासाचे पाच-सहा हजार शब्द नीट गाळले तर आठशे-हजार शब्दांत, म्हणजे एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर मावतात. त्याहून बरेच जास्त उरले असतील तर उजळणीचा भाग पुन्हा पुन्हा आलेला असतो. तीनशेच उरले असतील तर कारणे गळालेली असतात आणि फक्त निष्कर्ष उरलेले असतात. अशा नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्री सोयीच्या वाटतात, पण ‘का’ असा प्रश्न आला की त्यात उत्तर सापडत नाही. छिन्नी पाण्यात का टाकली आणि नंतर पुन्हा का तापवली, या दोन प्रश्नांची उत्तरे तास न ऐकलेल्या मुलाला त्या कागदावरून देता आली, तर नोट्स झाल्या. तोवर ते शब्दांकनच.